दहावीनंतर काय? शाळेत बोलायला जाणाऱ्या माजी विद्यार्थ्यांसाठी भाषणाचा आराखडा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी माण तालुक्यातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कूलची विद्यार्थिनी. दहावीनंतर कराडला सिव्हिलचा डिप्लोमा केला, मग डायरेक्ट सेकंड इयरला इंजिनिअरिंग, आता पुण्यात पाणीपुरवठ्याच्या कामांवर साइट इंजिनिअर आहे. दरवर्षी शाळेत दहावीच्या पोरांशी बोलायला जाते आणि आता बाकीच्या शाळांचे माजी विद्यार्थी फोन करून विचारतात की ताई तुम्ही नेमकं काय बोलता, आम्हालाही बोलावलंय. तेच तेच प्रश्न येतात म्हणून सगळं इथे एकदाच लिहून ठेवतेय.

हेडसरांनी "मुलांना दोन शब्द सांगा" म्हणून बोलावलंय. दोन शब्द म्हणजे नेमकं काय सांगू?

माझं उत्तर सरळ आहे, तुमचा प्रवास सांगायला जाऊ नका, फळ्यावर रस्ते काढून दाखवायला जा. दहावीच्या पोराला तुम्ही आज कुठे आहात यापेक्षा त्याच्यापुढे मे-जूनमध्ये काय काय येणार आहे हे कळायला हवं, आणि त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठला रस्ता घेतला की कुठलं दार बंद होतं आणि कुठलं पुन्हा उघडता येतं. हे त्याला घरी कोणी सांगत नाही कारण घरच्यांना माहीत नसतं, आणि शाळेत सर सांगतात पण तेव्हा अभ्यासक्रम संपवायची घाई असते.

म्हणून माझा सगळा आराखडा एका प्रश्नावर उभा आहे: "हे घेतलं आणि नाही जमलं, तर पुढे काय?" प्रत्येक रस्त्याला हा प्रश्न विचारायचा आणि खरं उत्तर द्यायचं.

वेळ किती असतो आणि कसा वाटून घ्यायचा?

बहुतेक शाळा एक तास देतात म्हणजे ३५ मिनिटं, त्यातली पाच मिनिटं पुष्पगुच्छात जातात. आधीच सांगून दोन तास सलग मागून घ्या, साधारण ७० मिनिटं. माझी वाटणी अशी असते: सुरुवातीची ५ मिनिटं ओळख, मग २० मिनिटं फळ्यावर रस्ते, १० मिनिटं एका मुलाचं किंवा मुलीचं उदाहरण पूर्ण सोडवून, १० मिनिटं कागदपत्रं आणि फॉर्म, आणि उरलेला सगळा वेळ प्रश्न. प्रश्नांचा वेळ कधीच कापायचा नाही, कापायचा तर ओळखीचा कापा.

एकच तास मिळाला तर रस्ते आणि कागदपत्रं एवढंच घ्या, उदाहरण सोडा.

कधी जायचं? निकाल लागल्यावर सत्काराला बोलावतात तेव्हा बोललं तर चालेल ना?

तेव्हा उशीर झालेला असतो. निकाल लागल्यावर आठ-दहा दिवसांत पोरं घाईघाईत फॉर्म भरतात आणि सत्काराला तर फक्त पहिले पाच-सहा नंबर येतात, ज्यांना तुमची सगळ्यात कमी गरज असते. दिवाळीनंतर म्हणजे डिसेंबरच्या आसपास जा. पूर्वपरीक्षेचं टेन्शन अजून डोक्यावर बसलेलं नसतं आणि दाखले काढायला चार-पाच महिने हातात असतात. सरांना सांगून नववीच्या वर्गालाही मागच्या बाकांवर बसवा.

सुरुवात कशी करायची? मला स्टेजवर बोलायची सवय नाही.

स्टेजवर जाऊच नका, वर्गात बोला. ज्या वर्गात तुम्ही बसायचात तोच वर्ग मिळाला तर उत्तम. मी माझ्या जुन्या बाकाजवळ उभी राहते, खिडकीकडचा तिसरा बाक, आणि सांगते की मला दहावीला गणितात ५६ होते. एवढं सांगितलं की वर्ग सावध होतो, कारण त्यांनी आतापर्यंत ऐकलेले पाहुणे सगळे ९० च्या वरचे असतात. तुमचे मार्क जे असतील ते खरे सांगा, चांगले असतील तर चांगले सांगा, उगाच कमी करून सांगू नका, पोरं शाळेतल्या शिपाईमामांना विचारून खात्री करतात.

मग लगेच फळ्याकडे वळा.

फळ्यावर नेमकं काय काढायचं?

मधोमध "दहावी" लिहून गोल करायचा आणि त्यातून तीन बाण. अकरावी, डिप्लोमा, आयटीआय. अकरावीच्या बाणाला पुढे तीन फाटे, सायन्स कॉमर्स आर्ट्स. एवढंच. सुरुवातीला मी पंचवीस कोर्सची यादी लिहायचे, पोरं वहीत उतरवून घ्यायची आणि कुणाच्याही काही लक्षात राहायचं नाही.

प्रत्येक बाणावर तीन गोष्टी लिहा: किती वर्षं, शेवटी हातात कुठला कागद, आणि मागे फिरता येतं का.

सायन्सचं असं आहे की बारावी सायन्स करून कोणीही नंतर बीए, बीकॉम, लॉ करू शकतं, म्हणून लोक म्हणतात की सायन्सने सगळी दारं उघडी राहतात. ते खरं आहे पण अर्धंच. सायन्समध्येही आत विषय निवडावे लागतात, गणित सोडून फक्त बायोलॉजी घेतलं तर इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चरचं दार बंद, बायोलॉजी सोडलं तर नीटचं बंद. दोन्ही घेता येतात पण ओझं वाढतं. आणि सायन्स न झेपून बारावीला ४५ टक्के पडले तर उघड्या दारांचा फार उपयोग होत नाही, हेही तिथल्या तिथे सांगा.

आर्ट्स किंवा कॉमर्स घेऊन नंतर इंजिनिअरिंग किंवा मेडिकलला जाता येत नाही, हे स्पष्ट सांगा. पण स्पर्धा परीक्षा, लॉ, शिक्षक, पत्रकारिता, पोलीस भरती ही दारं तिथूनही तेवढीच उघडी असतात. सीएला बारावीला गणित असलंच पाहिजे असं नाही, हे कॉमर्सवाल्या पोरांना माहीत नसतं.

माझ्या भागात सैन्यात जायची ओढ खूप, सातारा जिल्हाच तसा आहे, म्हणून एक गोष्ट मी कधीच विसरत नाही. एनडीएला आर्मीसाठी बारावी कुठल्याही शाखेची चालते पण एअर फोर्स आणि नेव्हीसाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित लागतं. हे दहावीत कळलं तर उपयोग, बारावीत कळून काही होत नाही. एकदा एक मुलगा बारावी आर्ट्सला असताना मला भेटला, त्याला नेव्हीत ऑफिसर व्हायचं होतं, तो काय बोलला ते मला अजून आठवतं, "मॅडम, हे कुणी सांगितलंच नाही."

आयटीआयबद्दल बोललं की मुलं हसतात, पालक नाराज होतात. मग तो विषय घ्यायचा का?

घ्यायचाच, आणि अकरावीच्या बरोबरीने वेळ देऊन घ्यायचा. हसतात कारण आयटीआय म्हणजे नापासांची जागा असं त्यांच्या कानावर पडलेलं असतं. त्यांना ट्रेडची नावं सांगा, नुसतं "आयटीआय" म्हणू नका. फिटर, इलेक्ट्रिशियन, वायरमन, टर्नर, मशिनिस्ट हे दोन वर्षांचे, वेल्डर, प्लंबर, डिझेल मेकॅनिक आणि कोपा म्हणजे कॉम्प्युटर ऑपरेटरचा ट्रेड, हे एक वर्षाचे. महावितरणच्या विद्युत सहाय्यक भरतीला इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन ट्रेड लागतो, नुसती बारावी घेऊन तिथे जाता येत नाही. ट्रेड झाल्यावर कंपनीत ॲप्रेंटिसशिप करता येते, १९६१ च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली, आणि त्या काळात विद्यावेतन मिळतं.

आणि मागे फिरायचं दार इथेही आहे: दहावीनंतर दोन वर्षांचा ट्रेड पास झाला की डिप्लोमाच्या डायरेक्ट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. म्हणजे आयटीआय, मग डिप्लोमा, मग डिग्री असा जिना आहे. आमच्या साइटवर एक सुपरवायझर आहे तो याच जिन्याने आलाय, आणि पाइपलाइनच्या जॉइंटला लीकेज कुठून आहे ते तो नुसता हात फिरवून सांगतो, मला अजून ते जमत नाही.

पण वाईट बाजूही सांगा. जवळच्या आयटीआयमध्ये कुठले ट्रेड आहेत, मशीन चालू आहेत का, निदेशक आहेत का हे जाऊन बघितल्याशिवाय फॉर्म भरू नका असं मी सांगते. आणि मागचा कट ऑफ बघा, कारण सरकारी आयटीआयत इलेक्ट्रिशियनची जागा वाटते तेवढी सहज मिळत नाही.

सगळ्यात जास्त कुठला प्रश्न येतो?

"इंजिनिअर व्हायचंय, अकरावी करू की डिप्लोमा?" दरवर्षी पहिला हात याच प्रश्नाचा. म्हणून उदाहरण म्हणून मी हाच प्रश्न पूर्ण सोडवते, आणि तुम्हीही एकच प्रश्न निवडा पण शेवटपर्यंत न्या.

तो प्रश्न फळ्यावर कसा सोडवता? जरा सविस्तर सांगा.

एक काल्पनिक मुलगी घ्यायची, समजा तिचे मार्क असे: मराठी ७८, हिंदी ७१, इंग्रजी ५२, गणित ५८, विज्ञान ६४, समाजशास्त्र ७०. आधी वर्गालाच बेरीज करायला लावायची. सहा विषयांचे ३९३, म्हणजे ६५.५ टक्के. मग बेस्ट ऑफ फाइव्ह, सगळ्यात कमी मार्कांचा विषय बाजूला, इथे इंग्रजी, उरले ३४१ पाचशेपैकी, ६८.२ टक्के. वर्गात लगेच कुजबुज होते कारण अर्ध्या पोरांना हे आकडे दोन वेगळे असतात हेच माहीत नसतं.

आता खरा मुद्दा. ६८ टक्के ऐकून घरचे खूश, सायन्सला पाठवू म्हणतात. मी विचारते, या मुलीला पुढे ज्यावर दिवस काढायचेत ते विषय कुठले? गणित ५८, विज्ञान ६४, आणि इंग्रजी, जे टक्क्यात धरलंच गेलं नाही, ते ५२. बेस्ट ऑफ फाइव्हने तिचा सगळ्यात कच्चा विषय झाकला आणि अकरावी सायन्स असो की डिप्लोमा, पुस्तकं इंग्रजीतच येणार. म्हणजे कुठलाही रस्ता घेतला तरी उन्हाळ्याच्या सुट्टीत तिने काय करायचं ते इथेच ठरलं.

मग दोन रस्ते शेजारी शेजारी. अकरावी-बारावी दोन वर्षं, मग सीईटी, मग डिग्रीची चार वर्षं, एकूण सहा. डिप्लोमा तीन वर्षं, मग डायरेक्ट सेकंड इयर म्हणून डिग्रीची तीन वर्षं, एकूण तेही सहाच. पोरांना वाटत असतं की डिप्लोमाने वर्ष वाया जातं किंवा वाचतं, दोन्ही खोटं. वर्षं सारखीच लागतात. फरक आहे तो मधल्या थांब्याचा.

बारावीच्या थांब्यावर हातात बारावीचा कागद असतो, त्याने नोकरी फारशी मिळत नाही पण तिथून फार्मसी, ॲग्री, बीएस्सी, लॉ कुठेही वळता येतं. डिप्लोमाच्या थांब्यावर हातात कामाचा कागद असतो, सिव्हिलवाल्याला कनिष्ठ अभियंता पदाच्या भरतीला बसता येतं, खासगी साइटवर काम मिळतं, घरी वडिलांना काही झालं तर तिथेच थांबून कमावता येतं. पण वळायला जागा कमी, डिप्लोमा केलेल्याला नीटकडे जायचं असेल तर बारावी सायन्स वेगळी करावी लागणार.

म्हणून मी वर्गाला विचारते, तुम्हाला इंजिनिअरच व्हायचंय हे पक्कं आहे का? पक्कं असेल आणि घरची परिस्थिती अशी असेल की तीन वर्षांत कमाईची वेळ येऊ शकते, तर डिप्लोमा. पक्कं नसेल, डॉक्टर की इंजिनिअर की अजून काही हे धूसर असेल, तर अकरावी. हे माझं मत आहे, सगळे मान्य करत नाहीत, पण मी ते मत म्हणूनच सांगते आणि कारण सांगते.

डिप्लोमाची वाईट बाजू सांगितली तर शाळेला आवडेल का?

शाळेला काय आवडेल त्यापेक्षा पोराचं काय होईल ते बघा. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षात जेवढी पोरं गळतात ती बहुतेक गणिताने आणि भाषेने. मराठी माध्यमातून आलेलं पोर ऑगस्टमध्ये वर्गात बसतं आणि फळ्यावर ट्रिगोनोमेट्री, मॅट्रिक्स, लॉगॅरिदम सगळं इंग्रजीतून सुरू झालेलं असतं. मी स्वतः पहिल्या सेमिस्टरला गणितात नापास झाले. मला समीकरण सोडवता यायचं, प्रश्नात काय विचारलंय ते कळायचं नाही. "रिझॉल्व्ह इनटू पार्शल फ्रॅक्शन्स" हे वाक्य मी परीक्षेत चार वेळा वाचलं आणि पुढचा प्रश्न घेतला, घरी येऊन वही उघडली तर तेच गणित मी आदल्या रात्री केलेलं होतं. आता डिप्लोमाच्या परीक्षा घेणाऱ्या एमएसबीटीई बोर्डाने उत्तरं मराठी-इंग्रजी मिसळून लिहायचा द्विभाषिक पर्याय आणलाय, तो तुमच्या पसंतीच्या कॉलेजात वर्गातही तसाच शिकवतात का ते विचारून घ्या.

दुसरा धोका जास्त मोठा आहे. अकरावी सोडून कोणी डिप्लोमाला आलं तर एक वर्ष जातं, पण डिप्लोमा दुसऱ्या वर्षात सोडला तर हातात फक्त दहावी राहते. विषय राहत गेले की इयर डाउन लागतं, घरी बसलेल्या पोराला लाज वाटते आणि ते परत जात नाही. म्हणून मी सांगते, पहिल्या सेमिस्टरला एखादा विषय राहिला तर घाबरू नका पण लपवू नका, घरी सांगा, सिनिअरकडून जुने पेपर घ्या, पुढच्याच परीक्षेत काढा.

आणि डायरेक्ट सेकंड इयरला गेल्यावर पहिलाच धक्का एम-थ्री चा, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरचा. बारावीवाल्यांनी पहिल्या वर्षात एम-वन एम-टू केलेलं असतं, आपण थेट लाप्लास ट्रान्सफॉर्मसमोर जाऊन बसतो. याची तयारी डिप्लोमाच्या शेवटच्या सुट्टीत करायची. त्या बदल्यात ड्रॉइंग, सर्व्हे, लॅब यात आपण त्यांच्या पुढे असतो.

कागदपत्रांवर दहा मिनिटं? एवढं काय आहे त्यात?

हाच भाग पोरांच्या प्रत्यक्ष उपयोगाला सगळ्यात जास्त येतो. आमच्या बॅचमधल्या एका मैत्रिणीचं नाव पहिल्याच फेरीत चांगल्या कॉलेजला लागलं होतं, नॉन क्रिमिलेयर काढलेला नव्हता, सेतू केंद्रावर निकालानंतरची गर्दी, दाखला हातात यायच्या आधी मुदत संपली आणि जागा गेली. तिचे मार्क माझ्यापेक्षा जास्त होते.

म्हणून डिसेंबरातच सांगायचं. जातीचा दाखला, लागू असेल त्यांना चालू वर्षाचा नॉन क्रिमिलेयर, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, खुल्या वर्गातल्या पात्र मुलांना ईडब्ल्यूएस. आणि सगळ्यात आधी आधार, शाळेचं रजिस्टर आणि जन्मदाखला यांच्यावरचं नाव एकसारखं आहे का ते बघायचं. वर्गात मी प्रत्येकाला वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःचं, वडिलांचं आणि आईचं नाव शाळेच्या रजिस्टरप्रमाणे लिहायला लावते आणि घरी जाऊन आधारशी ताडून बघायला सांगते. गेल्या खेपेला एका मुलीच्या आधारवर आडनावाचं स्पेलिंग वेगळं निघालं, वर्गशिक्षकांनी बोर्डाच्या प्री-लिस्टमध्ये तिथेच दुरुस्ती करून घेतली. मार्कशीट छापून आल्यावर तीच दुरुस्ती फार लांबते.

फॉर्म भरताना पोरं कुठे चुकतात?

तीन ठिकाणी.

पहिलं म्हणजे अकरावी, डिप्लोमा आणि आयटीआय यांचे फॉर्म वेगवेगळे असतात आणि तिन्ही भरता येतात हे माहीत नसतं. २०२५-२६ पासून अकरावीची प्रक्रिया अख्ख्या राज्यात ऑनलाइन झाली, आधी ती फक्त मुंबई, पुणे अशा मोठ्या शहरांत होती, त्यामुळे गावाकडच्या घरांना हे नवीन आहे, थोरल्या भावाने थेट कॉलेजात जाऊन फॉर्म भरलेला असतो आणि तो तेच सांगतो.

दुसरं म्हणजे पसंतीक्रम. कॉलेजांचा क्रम हा खरोखर आवडीचा क्रम लागतो. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते घ्यावंच लागतं, नाही घेतलं तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. डिप्लोमातही पहिली पसंती मिळाली की ती जागा पक्की धरली जाते. पोरं मित्राने टाकलं म्हणून पहिल्या नंबरला ३५ किलोमीटरवरचं कॉलेज टाकतात, ते लागतं, आणि मग कळतं की सकाळची एसटी सव्वासहाला सुटते आणि संध्याकाळची परतीची नाही. म्हणून मी वर्गात कॉलेजच्या नावापुढे एसटीची वेळ लिहायला लावते. मुलींच्या बाबतीत हॉस्टेल आहे का, नसेल तर कोणाकडे राहणार, हे क्रम भरायच्या आधी घरी बोलून घ्यायचं, नाहीतर जागा लागूनही वडील नाही म्हणतात. आणि वर्षावर्षाला नियमात बदल होतात, त्यामुळे त्या वर्षीची माहितीपुस्तिका सरांकडून छापून घेऊन फळ्याशेजारी लावायला सांगा.

तिसरं, फॉर्म कॅफेवाल्याने भरायचा आणि पासवर्ड त्याच्याकडेच. हे मी हात जोडून सांगते की लॉगिन, पासवर्ड आणि मोबाइल नंबर घरचा द्या, ओटीपी तुमच्या फोनवर यायला हवा.

नापास होणाऱ्या मुलांबद्दल बोलायचं का? वातावरण खराब होतं.

बोला, दोन मिनिटं पुरतात पण बोला. एक किंवा दोन विषय राहिले तर आपल्या बोर्डात एटीकेटीने अकरावीला जाता येतं, आणि जुलैच्या सुमाराला पुरवणी परीक्षा असते, वर्षभर थांबावं लागत नाही. वर्गात कोणाकडे न बघता सांगा. ज्याच्यासाठी सांगताय तो खाली मान घालून ऐकत असतो.

मुलं प्रश्नच विचारत नाहीत, गप्प बसतात. काय करायचं?

आदल्या दिवशी वर्गशिक्षकांना सांगून चिठ्ठ्या गोळा करून घ्या, नाव न लिहिता. जाताना मोकळा डबा पाठवला तरी चालतो, मी पेढ्याचा रिकामा बॉक्स पाठवते. हात वर करून येणारा प्रश्न आणि चिठ्ठीतला प्रश्न यात खूप फरक असतो. हात वर करणारे पगार विचारतात. चिठ्ठीत असतं: "बाबा म्हणतात दहावी झाली की लग्न", "मला गणित अजिबात येत नाही पण भावाला सांगू शकत नाही", "फी किती लागते, आमची दोन एकर कोरडवाहू आहे".

फीच्या चिठ्ठीला गोलमोल उत्तर देऊ नका. सरकारी तंत्रनिकेतन आणि खासगी कॉलेज यांच्या फीत केवढा फरक असतो तो तुमच्या जिल्ह्यातल्या दोन कॉलेजांना फोन करून आधीच विचारून ठेवा आणि आकडे फळ्यावर लिहा. मुलींना एक जरूर सांगा, २०२४-२५ पासून राज्यात कॅप म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेऱ्यांमधून प्रवेश घेणाऱ्या आणि घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना इंजिनिअरिंग, मेडिकलसारख्या व्यावसायिक पदवीला शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. दहावीतच हे कळलं तर घरचे "पुढे झेपणार नाही" म्हणून आधीच माघार घेत नाहीत. हॉस्टेल आणि मेसचा खर्च मात्र उरतो, तोही सांगा.

लग्नाच्या चिठ्ठीचं उत्तर मी वर्गात देत नाही. वर्गशिक्षिका बाईंना बाजूला घेऊन बोलते, अक्षरावरून त्यांना बहुतेक कळतं, आणि घरी कोणी जायचं ते त्या ठरवतात.

पालकांना बोलवायचं का?

हो, पण वेगळं, मुलांनंतर अर्धा तास. एकत्र बसवलं की पोरं तोंड उघडत नाहीत. पालकांना टक्केवारीवर भाषण नको, दाखले, फी, एसटी, हॉस्टेल एवढंच. आमच्याकडे बाजाराचा दिवस सोमवार, त्या दिवशी ठेवलं तर वडीलमंडळी येतात. तुमच्या गावचा वार बघून ठरवा.

मी अकरावी कॉमर्स करून बँकेत आहे, मला डिप्लोमा-आयटीआयचं काहीच माहीत नाही. मी कसं सांगू?

तुमचा रस्ता तुम्ही खोलात सांगा आणि बाकीच्या दोघांसाठी शाळेतलेच दोन माजी विद्यार्थी शोधा, एक आयटीआयवाला, एक डिप्लोमा किंवा सायन्सवाला, प्रत्येकी दहा मिनिटं. गावात वायरिंगची कामं करणारा दादा शाळेचाच असतो आणि त्याला कोणी कधी बोलावलेलं नसतं. मी एकदा आमच्या इलेक्ट्रिशियन दादाला नेलं, त्याने खिशातून टेस्टर काढून वर्गातला बंद पडलेला फॅन बोलता बोलता चालू करून दिला. त्या दिवशीच्या चिठ्ठ्यांत निम्म्या आयटीआयच्या होत्या.

भाषण झाल्यावर फोन नंबर द्यायचा का?

पोरांना सरसकट नको, वर्गशिक्षकांकडे द्या आणि सांगा की निकालानंतर कोणाला गरज असेल तर त्यांच्या फोनवरून लावा. त्यापेक्षा उपयोगाचं म्हणजे पसंतीक्रम भरायच्या आठवड्यात एक दिवस सुट्टी काढून शाळेच्या कॉम्प्युटर रूममध्ये जाऊन बसा. मी शनिवार धरते. पोरं मार्कशीट, दाखले आणि घरचा मोबाइल घेऊन येतात, एकेकाला साधारण वीस मिनिटं लागतात, त्यामुळे एका दिवसात पंचवीसच्या पुढे होत नाहीत, म्हणून यादी सरांकडून आधी करून घ्या आणि ज्यांच्या घरी शिकलेलं कोणीच नाही त्यांना वर घ्या. शाळेचं नेट सकाळी बरं चालतं, दहाच्या आत सुरू करा आणि फोनचं हॉटस्पॉट सोबत ठेवा.